हिरवी खूण

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलणं वाचायला सोपं जावं म्हणून थोडं सावरून घेतलं आहे.)

आज एक छोटी गोष्ट सांगते. गोष्ट हरसूलकडची आहे, आमच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातली. त्यातल्या कुणाचंच नाव घेणार नाही. शाळेचं नाही, सरांचं नाही, मैत्रिणीचंही नाही. गोष्टीत गणित आहे, पण घाबरू नका, सातवीच्या पोराला कळेल इतकंच आहे. हाताशी कागद-पेन असेल तर बरं.

साल २०२१. मी दहावीला होते. कोरोनामुळे बोर्डाची परीक्षा रद्द झाली होती. वर्षभर शाळा अशी भरलीच नव्हती. सर व्हॉट्सअ‍ॅपवर पानांचे फोटो पाठवायचे, आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. घरात फोन एकच, तो वडिलांचा. आणि रेंज घरात नाहीच. घरामागच्या टेकाडावर एक मोहाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी बसलं की दोन कांड्या यायच्या. आमची अर्धी दहावी त्या झाडाखाली झाली असं म्हटलं तरी चालेल.

मे महिन्यात सरांनी निरोप पाठवला. नाशिकची एक संस्था खेड्यातल्या मुलांना अकरावी-बारावी सायन्ससाठी फुकट ठेवून घेणार होती. राहणं, जेवण, क्लास, सगळं. आमच्या शाळेतून तीन नावं मागितली होती. मग सरांनी ठरवलं, परीक्षा घेऊ, पहिले तीन येतील त्यांची नावं कळवू. परीक्षा फोनवर. वीस प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, एकूण चाळीस. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, चुकीच्या उत्तराला गुण कापायचे नाहीत. फॉर्म भरून पाठवला की लगेच View score दाबायचं आणि गुण बघायचे.

अडतीस जणांनी परीक्षा दिली. मला चौतीस मिळाले. पहिल्या मुलाला अडतीस, दुसरीला छत्तीस, आणि तिसरी मी. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला बत्तीस मिळाले. आणखी एका मुलालाही बत्तीस. म्हणजे दोन गुणांनी, एका प्रश्नाने, मी आत आणि ती बाहेर.

ती टेकाडावर माझ्या शेजारीच बसली होती. म्हणाली, "जाऊ दे गं. तू तर चाललीस ना." आणि मग आम्ही करवंदं खात बसलो. मला आनंद झाला होता, खोटं का बोलू.

आता तो प्रश्न सांगते. चौदावा होता. "एक गाडी गावाहून नाशिकला ताशी ४० किलोमीटर वेगाने जाते आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटर वेगाने परत येते. तर संपूर्ण प्रवासातला सरासरी वेग किती?" पर्याय होते ४५, ४८, ५० आणि ५२.

मी फार विचार केला नाही. चाळीस अधिक साठ शंभर, भागिले दोन, पन्नास. पन्नासवर बोट ठेवलं. निकाल उघडला तेव्हा पन्नाससमोर हिरवी खूण होती आणि दोनपैकी दोन गुण. चुकलेले तीन प्रश्न मी पुन्हा पुन्हा बघितले. बरोबर आलेल्यांकडे कोण बघतं? मीही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आला. मामाची पिकअप आहे. लॉकडाऊनमध्ये भाजीपाल्याच्या गाड्या चालू होत्या, तो भाजी भरून वाघेरा घाटातून नाशिकला जायचा आणि रिकामी गाडी घेऊन परतायचा. मी कौतुकाने त्याला परीक्षेचं सांगितलं. गाडीचाही प्रश्न होता म्हटलं, आणि वाचून दाखवला. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"किती लिवलंस?"

"पन्नास. बरोबर आलं."

"पन्नास कसं येईल?"

मी म्हटलं, मामा, चाळीस आणि साठच्या मध्ये पन्नासच येतं. तो म्हणाला, "ते मध्ये येतं गं. पण मी गाडीत बसलेला असतो ना. हिशेबाला साठ किलोमीटर धर. भरलेल्या गाडीनं चाळीसनं गेलो तर जायलाच दीड तास जातो. येताना रिकामी, साठनं, एका तासात घरी. माझा जास्त वेळ तर त्या हळू गाडीतच जातो."

मी वही काढली. जायचे साठ, यायचे साठ, एकूण एकशे वीस किलोमीटर. वेळ दीड तास आणि एक तास, मिळून अडीच तास. एकशे वीस भागिले अडीच. अठ्ठेचाळीस.

मग वाटलं, साठ धरलं म्हणून आलं असेल. एकशे वीस धरून बघितलं. जायला तीन तास, यायला दोन. दोनशे चाळीस भागिले पाच. पुन्हा अठ्ठेचाळीस. तुम्हीही कुठलंही अंतर घेऊन करून बघा, अठ्ठेचाळीसच येणार. कारण अंतर दोन्हीकडे सारखं आहे, पण वेळ सारखा नाही. गाडी चाळीसच्या वेगाने जास्त वेळ धावते, म्हणून सरासरी चाळीसच्या बाजूला ओढली जाते. पन्नास येण्यासाठी दोन्ही वेगांना सारखा वेळ मिळायला हवा.

म्हणजे माझं उत्तर चूक होतं. आणि मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते.

पहिला विचार काय आला सांगू? हे कुणाला कळणार आहे? मामा तर चहा पिऊन निघून जाईल.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे गेले. सहज विचारल्यासारखं विचारलं, "चौदावा काय लिहिला होतास?" ती म्हणाली, "मी येडपटासारखं अठ्ठेचाळीस लिहिलं होतं. चुकलं." आणि तिने वही दाखवली. त्या पानावर तिने सगळं बरोबर सोडवलं होतं. अंतर क्ष धरलं होतं, वेळ क्ष भागिले चाळीस आणि क्ष भागिले साठ, बेरीज, सगळं. आणि त्यावर पेनाने तिरकी रेघ मारली होती. खाली लिहिलं होतं : सरासरी वेग = (४० + ६०) ÷ २ = ५०. दोनदा अधोरेखित केलं होतं, पुढच्या वेळी चुकू नये म्हणून.

मी म्हटलं, "हे वरचं का खोडलंस?"

"फोनने चूक दाखवलं ना. फोन कसा चुकेल? मीच कुठंतरी चुकले असणार."

मंडळी, माझ्या पोटात गोळा आला तो तिथे. दोन गुण तिचे गेले ते गेलेच, पण तिला येत असलेलं गणितही गेलं होतं, आणि तिने ते स्वतःच्या हाताने खोडलं होतं. माझ्यासारख्या ज्यांना हिरवी खूण मिळाली त्यांना तर चुकीचं गणित आता कायमचं बरोबर वाटणार होतं.

तरी मी लगेच बोलले नाही. हे सांगायलाच हवं. सर शुक्रवारी नावं कळवणार होते आणि तो दिवस मंगळवार होता. मंगळवार गेला, बुधवार गेला. नाशिकच्या वसतिगृहाचं चित्र डोळ्यांसमोरून जात नव्हतं. आईने तर एक पातेलं आणि एक चादर बाजूला काढून ठेवली होती. मी मनाला समजावत होते की परीक्षा सरांची, उत्तर सरांचं, चूक असेल तर ती त्यांनी शोधावी. मी काही कॉपी केली नव्हती.

गुरुवारी सकाळी मी मैत्रिणीला सगळं सांगितलं आणि आम्ही दोघी सरांच्या घरी गेलो. ती वही घेऊन.

सर ओट्यावर बसले होते. मास्क खाली ओढून त्यांनी वही बघितली. एकदा, दोनदा. मग फोन काढला, फॉर्म उघडला आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, "मी प्रश्न बदलला, पण उत्तराची खूण बदलायची राहिली."

झालं असं होतं. तो प्रश्न त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिकेत वेगळा होता. "एक गाडी अर्धा वेळ ताशी ४० आणि अर्धा वेळ ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते." तिथे वेळ सारखा आहे, म्हणून उत्तर खरोखरच पन्नास. जुना प्रश्न मुलांच्या हाती असेल म्हणून सरांनी तो थोडा फिरवला, अर्ध्या वेळेच्या जागी जाणं-येणं घातलं. ५५ हा एक पर्याय होता, तो पुसून तिथे ४८ लिहिला. म्हणजे उत्तर अठ्ठेचाळीस आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण फॉर्ममध्ये Answer key वेगळी उघडावी लागते आणि बरोबर पर्यायावर खूण करावी लागते. ती खूण जुनीच राहिली, पन्नासवर. रात्री अकराला, रेंज शोधत केलेलं काम.

आणि फोनला काय कळणार? त्याला गाडी कळत नाही, घाट कळत नाही, वेग कळत नाही. तो एवढंच बघतो की मुलाने दाबलेला पर्याय आणि सरांनी खूण केलेला पर्याय एकच आहे का. आहे, हिरवं. नाही, लाल. उत्तर टाइप करायचं असेल तिथेही तसंच, लिहिलेलं जुळतं का तेवढं बघायचं. सरांनी उत्तर १२ असं मराठी आकड्यात भरलेलं असेल आणि पोराने कीबोर्ड न बदलता 12 लिहिलं, तर उत्तर तेच, पण अक्षरं वेगळी म्हणून ते जुळत नाही. अशा वेळी पोरगा निदान येऊन भांडतो, कारण त्याचे गुण गेलेले असतात. आमच्या चौदाव्या प्रश्नात ज्यांना गुण मिळाले ते भांडायला येणार नव्हते, आणि ज्यांचे गेले त्यांना वाटत होतं की आपणच चुकलो.

सरांनी विचारलं, "मला हे आधी दिसायला हवं होतं का?" मला वाटतं ते स्वतःलाच विचारत होते. मग त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि सगळ्यांची उत्तरं एका कागदावर उतरवायला लावली. त्या दुपारी जे केलं ते मला दोन वर्षांनी डी.एल.एड.ला गेल्यावर पुस्तकात सापडलं. त्याला प्रश्नाची भेदनक्षमता काढणं म्हणतात. तेव्हा आम्हाला नाव माहीत नव्हतं. नीट सांगते, कारण शिक्षक ऐकत असतील तर हे उद्या करता येण्यासारखं आहे.

आधी साधी बेरीज केली. अडतीसपैकी पाच जणांनी ४५ लिहिलं होतं, नऊ जणांनी ४८, एकवीस जणांनी ५० आणि तिघांनी ५२. म्हणजे फोनच्या हिशेबाने एकवीस जण बरोबर, निम्म्याहून जास्त. फॉर्म सारांशात जास्त चुकलेले प्रश्न वेगळे दाखवतो, पण त्या यादीत हा प्रश्न येणार कसा? नुसता आकडा बघितला तर मध्यम अवघड असा चांगला प्रश्न वाटतो.

मग सरांनी चौदावा प्रश्न बाजूला ठेवून बाकीच्या एकोणीस प्रश्नांचे गुण लावले आणि त्यावरून मुलांची रांग केली. वरचे दहा आणि खालचे दहा वेगळे काढले. दहा का, तर अडतीसच्या साधारण सव्वीस-सत्तावीस टक्के होतात. पुस्तकातही वरचे आणि खालचे २७ टक्के घ्या असंच सांगितलेलं असतं. आता त्या दहा-दहा जणांनी चौदाव्याला काय लिहिलं ते बघितलं.

वरच्या दहांत सात जणांनी ४८, दोघांनी ५०, एकाने ४५. त्या दोघांतली एक मी. खालच्या दहांत ५० लिहिणारे सात, ४८ लिहिणारा एकही नाही.

बघा काय झालं. फोनच्या मते वरच्या दहांतले दोन बरोबर आणि खालच्या दहांतले सात बरोबर. ज्यांना बाकीचं गणित येतं ते इथे चुकतात आणि ज्यांना बाकीचं येत नाही त्यांना हे येतं, असं कुठे होतं का? हिशेब असा : वरचे बरोबर वजा खालचे बरोबर, भागिले दहा. दोन वजा सात, वजा पाच, भागिले दहा, म्हणजे उणे ०.५. चांगल्या प्रश्नात हा आकडा अधिक यायला हवा. उणे आला की पहिला संशय उत्तराच्या खुणेवर घ्यायचा. आम्ही ४८ बरोबर धरून पुन्हा काढला : सात वजा शून्य, भागिले दहा, अधिक ०.७. एका खुणेचा फरक.

आणि एक खूण तर काही न मोजता दिसत होती. पहिल्या आलेल्या मुलाला अडतीस गुण होते, म्हणजे त्याचा एकच प्रश्न चुकला होता. तो हाच चौदावा.

पण या युक्तीची हद्दही सांगते. उणे आकडा आला म्हणजे खूण चुकलीच असं सिद्ध होत नाही. प्रश्नाची भाषा दुहेरी असेल तर हुशार पोरं जास्त विचार करून फसतात, तेव्हाही आकडा उणे येतो. शिवाय वर्ग दहा-बारा जणांचा असेल तर एका पोराच्या उत्तराने आकडा इकडचा तिकडे होतो. म्हणून आकडा फक्त बोट दाखवतो, प्रश्न शेवटी हातानेच सोडवून बघावा लागतो. आणि सगळ्यात मोठी हद्द ही, की शिक्षकाने वर्गात चुकीचंच शिकवलेलं असेल तर हुशार मुलंही चुकीचंच लिहितात. मग आकडा छान अधिक येतो आणि चूक कुठेच दिसत नाही. सरांनी आम्हाला पन्नासच शिकवलं असतं तर तो कागद आम्हाला काहीच सांगू शकला नसता. तिथे मामाच लागला असता.

आता पुढचा प्रश्न. दुरुस्ती कशी करायची?

सर आधी म्हणाले, "सगळ्यांना दोन गुण देऊन टाकू. कुणाचं नुकसान नको." ऐकायला किती बरं वाटतं ना? आम्ही ती यादीही करून बघितली. माझे दोन मला मिळालेलेच होते, मी चौतीसवर राहिले. मैत्रीण बत्तीसची चौतीस झाली. आणि तो बत्तीसवाला मुलगा, ज्याने ४५ लिहिलं होतं, तोही चौतीस. तिसऱ्या जागेवर तिघं. जागा एक. चिठ्ठी टाकावी लागली असती, आणि त्या चिठ्ठीत प्रश्न बरोबर सोडवणारी एक आणि चुकवणारे दोघं सारखेच झाले असते. वरून बघितलं तर कुणाचंच नुकसान नाही, पण ते तिचं होतंच.

मग खूण दुरुस्त करून यादी केली. पहिला चाळीस, दुसरी अडतीस, मैत्रीण चौतीस. मी बत्तीस, तो मुलगाही बत्तीस.

सर माझ्याकडे बघत होते. मी कागदाकडे बघत होते. मैत्रीण म्हणाली, "सर, चिठ्ठी टाका." ते म्हणाले, "प्रश्न चुकीचा असता तर टाकली असती. प्रश्न बरोबर आहे. चुकली माझी खूण. तीच दुरुस्त करायची." प्रश्नालाच उत्तर नसेल किंवा दोन उत्तरं होत असतील तेव्हा सगळ्यांना गुण देणं ठीक. पण प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असेल तर खूण बदलायची. हा फरक मी त्या ओट्यावर शिकले, आणि महागात शिकले.

त्या रात्री सरांनी ग्रुपवर लिहिलं की चौदाव्याचं उत्तर माझ्याकडून चुकलं, बरोबर उत्तर ४८, आणि पूर्ण गणित सोडवून फोटो टाकला. हे त्यांनी केलं नसतं तर एकवीस पोरं पन्नास घेऊन पुढे गेली असती.

मैत्रीण नाशिकला गेली. मी इथेच अकरावी-बारावी केली. आईने पातेलं परत फळीवर ठेवलं. ती काही बोलली नाही, आणि ते जास्त लागलं. मामाला मी बरेच दिवस बोलले नाही, खरं तर त्याचा काय दोष?

ही गोष्ट एवढीच असती तर मी इथे सांगितली नसती. पण २०२४ मध्ये नीटच्या परीक्षेत जे झालं ते तुम्हाला आठवत असेल. पेपरफुटीच्या गोंधळात एक वेगळी गोष्ट थोडी मागे पडली. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात अणूबद्दल दोन विधानं होती. त्यातलं एक असं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत तसं छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत ते सुधारलं, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. आता जुनं पुस्तक वाचलेल्याने एक पर्याय निवडला, नवं वाचलेल्याने दुसरा. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन्ही पर्यायांना पूर्ण गुण देऊन टाकले. आमचे सर आधी म्हणाले होते ना, कुणाचं नुकसान नको, त्यातलाच प्रकार.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने २२ जुलैला आयआयटी दिल्लीला सांगितलं की तीन तज्ज्ञ नेमा आणि उद्या दुपारपर्यंत उत्तर कळवा. तज्ज्ञांनी सांगितलं, बरोबर पर्याय एकच, चौथा. मग निकाल पुन्हा लावला. चार लाखांहून जास्त मुलांनी तो दुसरा पर्याय लिहिला होता. त्यांचे मिळालेले चार गुण गेले आणि चुकीच्या उत्तराचा एक कापला गेला, म्हणजे पाच गुण खाली. ७२० पैकी ७२० मिळालेली तेव्हा ६१ मुलं होती, ती १७ उरली. चव्वेचाळीस जणांचे पैकीच्या पैकी गुण एका प्रश्नाने गेले.

ती बातमी मी डी.एल.एड.च्या वर्गात वाचली आणि मला सरांचा ओटा दिसला. आकडे लाखांत होते, पण गोष्ट तीच होती. मजकूर बदलला, जुनं उत्तर मागे राहिलं, मशीनने इमानदारीत जुळवून गुण वाटले. त्या चव्वेचाळीस मुलांबद्दल मला वाईट वाटतं. त्यांनी छापलेलंच वाचलं होतं. पण नवं पुस्तक वाचून बरोबर लिहिणाऱ्यांचं काय, हेही विचारायला हवं.

अशा मोठ्या परीक्षांत आधी कच्ची उत्तरतालिका लावतात आणि हरकती मागवतात. एमपीएससीतही तसंच. चांगली पद्धत आहे. पण नीटला तेव्हा एका प्रश्नाच्या हरकतीला दोनशे रुपये भरायचे होते. ज्याचे गुण गेले तो भरेल. ज्याला चुकीच्या उत्तराचे गुण मिळालेत तो स्वतःच्या खिशातले दोनशे रुपये कशाला घालवेल? म्हणून मशीनने फायद्यात केलेली चूक जवळजवळ कधीच वर येत नाही.

आता मी संध्याकाळी गावातल्या पोरांचा अभ्यास घेते आणि फोनवरच चाचणी घेते. वेळ वाचतो, मशीनला दोष देऊन मला काही मिळत नाही. दोन गोष्टी मात्र करते. फॉर्म पाठवण्याआधी मोठ्या वर्गातल्या एका मुलीला तो पेपर सोडवायला देते, उत्तरं न दाखवता. तिची उत्तरं आणि माझ्या खुणा जिथे जुळत नाहीत तिथे थांबते. गेल्या महिन्यात वीसपैकी दोन जुळल्या नाहीत. एक तिची चूक होती, एक माझी. आणि निकालानंतर वरचे-खालचे वेगळे काढून बघते. वर्ग लहान आहे, म्हणून आकड्यावर फार विसंबत नाही, पण पहिला आलेला पोरगा कुठे चुकला ते आधी बघते.

आणि पोरांना म्हणते, लाल आलेलं सगळेच बघतात, हिरवं आलेलं एकदा हाताने सोडवा आणि मग मला सांगा. सुरुवातीला हसले. मागच्या आठवड्यात एक सातवीतला पोरगा आला, वही पुढे केली, म्हणाला, "ताई, हे माझं चुकलंय, पण गुण दिलेत." दोन गुण कापले. तो तोंड पाडून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, वही घेऊनच.

मैत्रिणीची ती जुनी वही माझ्याकडे आहे. नाशिकला जाताना तिनेच दिली. तिरक्या रेघेखालचं गणित अजून वाचता येतं.

चला, आजच्यापुरतं एवढंच. प्रवास कुणाचाही असो, चाळीसने जाऊन साठने आलात तर अठ्ठेचाळीस, हे लक्षात ठेवा. भेटू पुढच्या भागात.